पसरणी घाटात लागलेली झोप

रुग्ण: मुलगा, वय १६ महिने, वजन ९ किलो. तक्रार, आईच्या शब्दांत: "उठतच नाहीये हो." घरच्यांची ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे तपशील बदलले आहेत.

वाईत माझा बालरोगाचा छोटा दवाखाना आहे. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी महाबळेश्वर-पाचगणीहून घाट उतरून आलेल्या गाड्यांतून एखाददुसरं लेकरू माझ्याकडे येतंच. बहुतेक वेळा उलट्या असतात, नाहीतर स्ट्रॉबेरी-क्रीम, मक्याचं कणीस आणि आइस्क्रीम एकाच दुपारी खाल्ल्यानं दुखणारं पोट. त्या शनिवारी पाच वाजून दहा मिनिटांनी आलेल्या बाळाला मात्र आईनं कडेवर घेतलं नव्हतं, दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं. हात-पाय खाली लोंबत होते, हनुवटी छातीवर टेकलेली होती आणि एवढ्याशा पोराच्या घशातून मोठ्या माणसासारखा घोरण्याचा आवाज येत होता.

सोबत आजी होत्या. त्यांचं म्हणणं, "दमलंय लेकरू, सकाळपासनं फिरतंय." काकूंना ते पटलं नव्हतं. ढोल्या गणपतीपाशी गाडी थांबवून सगळे चहाला उतरले, तेव्हा उजेडात त्यांना बाळाचे ओठ जांभळट दिसले. त्या चहा न घेताच पत्ता विचारत निघाल्या, म्हणून बाळ वेळेत पोचलं.

टेबलावर घेतल्यावर पहिलं काम श्वास मोजण्याचं. ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावं लागतं, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की फसायला होतं. या वयाचं बाळ गाढ झोपेतही मिनिटाला वीसच्या वर श्वास घेतं. इथे चौदा भरले. त्यातही मध्येच एक मोठी खोट होती, छाती हलायची थांबायची आणि मग एक खोल उसासा यायचा. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८४, नाडी १६८. अंगात कणकण. कानाच्या पाळीला चिमटा काढला तर चेहरा वाकडा झाला, पण डोळे उघडले नाहीत, रडणंही नाही.

ऑक्सिजनची नळी जोडेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात नर्सनं टॉवेलची घडी करून बाळाच्या खांद्यांखाली सरकवली आणि मी जबडा दोन बोटांनी पुढे उचलला. घोरणं तिथल्या तिथे बंद झालं. बाहेरून काहीही न देता यंत्रावरचा आकडा ९१ वर गेला. हे सविस्तर सांगतोय, कारण गुंगी आणणाऱ्या औषधाचा पहिला घाव कुठे बसतो ते त्यात दिसतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं आणि मागचा भाग फुगीर असतो. सपाट झोपवलं तरी मान पुढे दुमडते आणि मांडीवर बसवलं तर हनुवटी थेट छातीवर येते. जागं किंवा साध्या झोपेतलं बाळ गुदमरायला लागलं की स्वतःच मान फिरवतं, कुरकुरतं, जागं होतं. औषधानं गुंगलेलं बाळ यातलं काहीच करत नाही. जीभ मागे पडते, घशाचे स्नायू सैल होतात, वाट अरुंद होते, आणि आपण म्हणतो, बघा कसा गाढ झोपलाय.

आता कारण शोधायचं होतं. बेशुद्धीकडे झुकलेलं लहान मूल आलं की चार-पाच गोष्टी एकदमच डोक्यात येतात. साखर उतरली का? ग्लुकोमीटरवर १०४, म्हणजे नाही. कुठे पडलं का, डोक्याला मार? आई ठामपणे नाही म्हणाली, टाळूही फुगलेली नव्हती. झटका येऊन गेला असेल का? कुणी पाहिला नव्हता. मग विषबाधा. हे लोक भिलारकडच्या एका स्ट्रॉबेरीच्या मळ्यात जाऊन आले होते, तेव्हा फवारणीचं औषध पोटात गेलं का, हा प्रश्न इथल्या कुठल्याही डॉक्टरला पडणारच. पण फवारणीच्या त्या औषधांत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, छाती भरून येते. या बाळाच्या बाहुल्या मोठ्या होत्या, टॉर्चच्या उजेडात सावकाश लहान होत होत्या. जीभ कोरडी ठक्क. गाल लालसर. अफूच्या जातीच्या औषधानंही श्वास असाच मंदावतो, मात्र तिथेही बाहुल्या बारीक होतात. मोठ्या बाहुल्या, कोरडं तोंड, पळती नाडी आणि वर झोप, असं जमलं की मनात जुन्या पिढीतली ॲलर्जीची औषधं येतात.

"कुठलं औषध दिलं होतं का?"

"काय नाही. सर्दीचे थेंब तेवढे."

"आणखी?"

"काय बी नाही डॉक्टर."

हे उत्तर खोटं नव्हतं. आपल्याकडे औषध म्हणजे आजाराचं; घाटात उलटी होऊ नये म्हणून दिलेलं औषध हिशेबात धरलं जात नाही, ते प्रवासाच्या तयारीत जमा होतं, पाण्याच्या बाटलीसारखं. म्हणून मी "काय दिलं" हे विचारत बसत नाही. काकूंना म्हटलं, "ताई, बाळाची पिशवी इथे टेबलावर रिकामी करा." लंगोट, दुधाची बाटली, बिस्किटाचा पुडा, सर्दीच्या थेंबांची छोटी बाटली, स्टीलचा चमचा आणि प्रोमेथाझिनच्या सिरपची बाटली, पाऊण भरलेली. बाटलीला चिकटवलेल्या कागदावर निळ्या पेनानं लिहिलं होतं: रात्री १ चमचा.

अक्षर माझ्या समोरच्या मेडिकलवाल्याचं होतं. चिठ्ठी माझी होती.

आठ महिन्यांपूर्वी या बाळाच्या सहा वर्षांच्या बहिणीला अंगभर गांधी उठल्या होत्या. रात्रभर खाजवायची, झोपायची नाही. मी तिला दोन रात्रींपुरतं हे सिरप लिहून दिलं होतं, कारण त्यानं खाजही कमी होते आणि झोपही लागते. त्यावेळी आजींनी विचारलं होतं, "उलटीवर पण चालतं का हे?" आणि मी चिठ्ठी लिहिता लिहिता, वर न बघता म्हटलं होतं, "चालतं." हे वाक्य मला आठवत नव्हतं. आजींना शब्दशः आठवत होतं.

उत्तर चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत आहे. प्रोमेथाझिन ॲलर्जीवर चालतं, उलटीवर चालतं, गाडी लागण्यावर चालतं. १९४० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झालेलं हे औषध. शरीरात ॲलर्जीची खाज आणि सूज आणणाऱ्या हिस्टामिनला ते अडवतं. पण मेंदूला जागं ठेवण्याचं कामही हिस्टामिनच करतं, आणि हे औषध मेंदूत सहज शिरतं. मानसिक आजारांवरचं क्लोरप्रोमाझिन याच कुळातलं, याच्याच नंतरचं भावंड. ते कुळ पाहिलं की त्याची झोप एवढी जड का, याचं नवल वाटत नाही. आम्ही शिकत असताना सीटी स्कॅनआधी मुलांना गुंगवायला वॉर्डात हेच सिरप द्यायचे. म्हणजे झोप हा त्याचा किरकोळ दुष्परिणाम नाही. उलटी थांबो न थांबो, झोप येतेच.

आता वेळा लावून पाहू. आजी रडत होत्या, पण हिशेबाला पक्क्या होत्या.

बाळाला शुक्रवारपासून सर्दी. रात्री एक मिली सर्दीचे थेंब दिले, शनिवारी दुपारी एक वाजता पुन्हा एक मिली. त्या थेंबांत क्लोरफेनिरामिन होतं, म्हणजे गुंगी आणणारं ॲलर्जीचंच दुसरं औषध, आणि जोडीला नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन. या दोघांच्या मिश्रणावर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असं छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. थेंब मेडिकलमधून तोंडी मागून आणलेले होते. त्याबद्दल आणखी काय बोलणार, चिठ्ठीशिवाय औषध कुठल्या गावात मिळत नाही?

सकाळी घाट चढताना बाळानं एकदा दूध ओकलं होतं. म्हणून उतरताना त्रास नको, असं ठरवून महाबळेश्वरातून निघण्याआधी सव्वातीनला आजींनी एक चमचा सिरप पाजलं. दहा मिनिटांत थोडं दूध आणि फेस बाहेर आला. "औषध सगळं पडलं" असं वाटून पावणेचारच्या आत आणखी एक चमचा. गाडी निघाली. पाचगणी यायच्या आत बाळ झोपलं. तिथे सगळे उतरले, टेबल लँडवर घोडे बघून आले. बाळाला आईनं गाडीतच मांडीवर ठेवलं. "बरं झालं झोपला, घाट कळायचा नाही," असं म्हणून सगळे निवांत झाले. मग पसरणी घाट, वळणावळणाला पुढे-मागे होणारं डोकं, चोंदलेलं नाक, छातीवर टेकलेली हनुवटी. घोरणं घाटातच सुरू झालं होतं. बाळाचे बाबा गाडी चालवताना हसून म्हणालेही, "आजोबांवर गेलाय."

चमचा मी तिथेच मोजला. पाच मिलीच्या सिरिंजनं पाणी भरत गेलो तर काठोकाठ आठ मिली. चिठ्ठीवर "चमचा" लिहिताना माझ्या डोक्यात पाच मिलीचं माप होतं आणि बाटलीसोबत तेवढं झाकणही आलं होतं. ते कधीच हरवलं होतं. सिरप पाच मिलीला पाच मिलिग्रॅम, म्हणजे सरळ एका मिलीला एक. दोन चमचे म्हणजे सोळा मिलिग्रॅम. पहिल्यातलं किती ओकून गेलं हे कुणालाच सांगता येणार नाही, त्यामुळे पोटात राहिलेलं औषध आठ ते सोळा मिलिग्रॅमच्या मध्ये कुठेतरी. ज्या वयात हे औषध द्यायला परवानगी आहे त्यातल्या सगळ्यात लहान मुलांना, म्हणजे दोन वर्षं पूर्ण झाल्यावर, गाडी लागण्यासाठी साधारण पाच मिलिग्रॅम दिलं जातं.

यावरून डोस जास्त झाला म्हणून हे घडलं, असा निष्कर्ष निघतो. घरच्यांनी तोच काढला आणि खरं तर पहिल्या क्षणी मीही. पण तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये या औषधावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला: दोन वर्षांखालील मुलांना देऊच नये, श्वास मंदावून मृत्यू झालेले आहेत. त्या इशाऱ्यात पुढे एक वाक्य आहे आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. वजनाच्या हिशेबानं अगदी वेगवेगळ्या डोसना, कमी आणि जास्त दोन्हींना, या मुलांचा श्वास मंदावला आहे. म्हणजे दोन वर्षांखाली अमुक मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित अशी रेघच सापडलेली नाही. आजींनी पाच मिलीचं माप वापरून एकदाच दिलं असतं तर हे बाळ कदाचित नुसतं झोपलं असतं, कदाचित असंच माझ्याकडे आलं असतं. आधी कुणी सांगू शकलं नसतं. सर्दीनं चोंदलेलं नाक आणि आधीच पोटात असलेलं क्लोरफेनिरामिन यांनी पारडं आणखी झुकवलं.

पुढचा प्रकार माझ्याच दवाखान्यात झाला. नाकात सलाइनचे थेंब टाकून शेंबूड ओढून काढला, दोन लिटर ऑक्सिजन लावला, आकडा ९८ वर गेला. ओठ गुलाबी. खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाबांनी विचारलं, "मग दोन तास इथेच ठेवून घरी नेऊ?" माझ्या सहकारी डॉक्टरचाही कल तिकडेच होता. पण मी पुन्हा मिनिट लावून मोजलं तर श्वास चौदाच होते आणि एक खोट बारा सेकंदांची.

बोटावरचं यंत्र रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतं. हवा आत-बाहेर किती होतेय ते सांगत नाही. साध्या हवेवर असताना श्वास मंदावला तर आकडा लगेच पडतो, म्हणून तो खबर देतो. बाहेरून ऑक्सिजन मिळायला लागला की मिनिटाला आठ-दहा श्वास घेणारं मूलही बराच वेळ ९८ दाखवू शकतं, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, त्यानं गुंगी आणखी वाढते. मग आकडा पडतो तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो. म्हणून अशा मुलाला ऑक्सिजन लावल्यावर नजर यंत्रावर नाही, छातीवर ठेवायची.

दुसरं कारण घड्याळातलं. सिरपची गुंगी वीसेक मिनिटांत सुरू होते, पण रक्तातलं प्रमाण शिखराला पोचायला तीन-चार तास किंवा थोडं जास्तही लागू शकतं. पहिला चमचा सव्वातीनचा. आम्ही सव्वापाच-साडेपाचला होतो. म्हणजे जे दिसत होतं ती चढणच होती, माथा अजून पुढे होता. त्यानंतर उतरण लांब: गुंगी चार-सहा तास टिकतेच, कधी बारा तासही. दोन तास बघून घरी पाठवणं म्हणजे बरोबर वाईट वेळेला घरी पाठवणं.

उतारा काही आहे का, हे बाबांनी विचारलं. नाही. अफूवर्गीय औषधांवर चालणारं नालोक्सोन प्रोमेथाझिनची गुंगी उतरवत नाही. पोट साफ करायचा किंवा कोळशाची पूड पाजायचा विचार अशा मुलात करायचाच नाही. गिळण्याची जाण गेलेली असताना तोंडातून काही दिलं तर ते फुफ्फुसात जातं. आजी मधेच कांद्याचा वास द्या म्हणाल्या, चुलत्यांनी फोनवरून मीठ-पाणी पाजून उलटी काढायला सांगितलं. दोन्हीला नाही म्हटलं, दुसऱ्याला जरा मोठ्यानं. श्वासाची वाट मोकळी ठेवायची, लागेल तेव्हा हातानं श्वास द्यायचा आणि औषध शरीरातून जाईपर्यंत वाट बघायची, एवढाच उपचार. तो मात्र जिथे रात्रभर कुणीतरी छातीकडे बघत बसेल अशाच ठिकाणी.

१०८ बोलावली. साताऱ्याच्या बालअतिदक्षता विभागाशी फोनवर बोललो आणि रुग्णवाहिकेत स्वतः बसलो, हातात लहान मुलाचा मास्क आणि श्वासाची पिशवी घेऊन. पाचवडच्या अलीकडे एकदा खोट लांबली, मनातल्या मनात पंधरा मोजले, जबडा उचलून मास्क लावला आणि पाच-सहा श्वास दिले. छाती उचलली गेली, मग त्यानं स्वतःचा घेतला. आई समोरच्या बाकावर होती. तिनं काही विचारलं नाही, फक्त माझ्या हाताच्या लयीत स्वतः श्वास घेत होती हे माझ्या नंतर लक्षात आलं.

साताऱ्यात नाकातून जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन लावला. रक्तात कार्बन डायऑक्साइड ५८ निघाला. तो पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान असावा लागतो. यंत्रावर ९८ दिसत असतानाचा हा आकडा. हृदयाचा आलेख काढला, कारण या कुळातली औषधं ठोक्यांची विद्युत लय लांबवू शकतात. तो ठीक होता. साडेसातला वीस सेकंदांची एक खोट, पुन्हा पिशवीनं श्वास. घशात नळी घालायची तयारी ट्रेमध्ये मांडून ठेवली होती, पण ती वेळ आली नाही. नऊनंतर श्वास अठरा-वीसवर आले.

रात्री दोनच्या सुमाराला बाळानं डोळे उघडले आणि आईला वाटलं सुटलो. पण ते जागं होणं नेहमीचं नव्हतं. किंचाळत होतं, हवेत काहीतरी पकडायला हात मारत होतं, आईकडे बघून ओळखत नव्हतं. त्याच औषधाचा हा दुसरा चेहरा: काही मुलांत गुंगीऐवजी किंवा गुंगीनंतर अशी खळबळ उडते. अशा वेळी शांत करायला आणखी एखादं औषध द्यायचा मोह होतो आणि तिथेच पुन्हा श्वास दबतो. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं दिवे मंद केले, आईला पलंगावर बसवून बाळ तिच्या छातीशी दिलं आणि काहीही दिलं नाही. आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेत आली, ज्याचं मला कौतुक वाटलं: दुपारपासून लंगोट कोरडा होता. पोट चाचपलं तर मूत्राशय भरलेलं. लघवी अडवणं हाही याच औषधाचा गुण. रडण्यातलं निम्मं कारण तेच असावं. पहाटे लघवी झाली आणि बाळ साधं, नेहमीचं झोपलं. हलवलं की कुरकुरत होतं, कूस बदलत होतं. रविवारी दुपारी वरण-भात खाल्ला, सोमवारी घरी.

मंगळवारी आजी, आई आणि काकू दवाखान्यात आल्या. आजींची नजर वर होत नव्हती. त्यांना म्हटलं, आजी, चिठ्ठी माझी होती. त्यावर मुलीचं नाव होतं, पण तिचं वजन नव्हतं, किती मिली ते नव्हतं, आणि घरात दुसरं तान्हं आहे का हे मी विचारलंच नव्हतं. खाजेसाठीसुद्धा मी आता हे सिरप लिहीत नाही. सेटिरिझिनसारखी नंतरच्या पिढीतली औषधं मेंदूत कमी शिरतात आणि गांधींवर तेवढीच चालतात. रात्री मूल झोपत नाही म्हणून गुंगीचं औषध लिहिणं ही माझी जुनी सवय होती, गरज नव्हती.

काकूंनी विचारलं, "मग घाटात उलटी झाली तर तान्ह्याला द्यायचं काय?" प्रश्न चांगला होता, कारण उत्तरानं सगळ्या प्रकरणाचा पायाच काढून घेतला. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी लागणं फार क्वचित असतं. तो त्रास पुढे वाढतो आणि सहा ते बारा या वयात सगळ्यात जास्त असतो. या बाळानं सकाळी ओकलं ते घाटामुळे नसावं. सर्दीचा कफ गिळलेला, वर निघताना पोटभर दूध पाजलेलं, खोकल्याची एक उबळ आली आणि बाहेर आलं. दुपारीही सिरप पोटात गेल्यावर दहा मिनिटांत आलेल्या उलटीतला फेस कफाचाच होता. म्हणजे जो त्रास बहुधा नव्हताच त्याच्यासाठी हे औषध दिलं गेलं. त्याला हवं होतं ते एवढंच: नाकात सलाइनचे थेंब, निघण्याआधी थोडंच दूध, आणि खुर्चीत मान सरळ राहील असं बसवणं. आणि औषध दिल्यावर उलटी झाली तर ते पुन्हा द्यायचं नाही, किती गेलं आणि किती राहिलं हे कुणालाच कळत नाही.

सहा वर्षांच्या बहिणीला गाडी खरोखरच लागते. तिच्यासाठी, अगदीच लागलं तर, वजन बघून, मिलीत लिहून, सर्दी-खोकल्याचं दुसरं कुठलंही गुंगीचं औषध चालू नसताना. दोन वर्षांच्या पुढे धोका संपतो असं नाही, तो कमी होतो. रात्री घोरणारं, टॉन्सिल वाढलेलं, झोपेत श्वास अडकणारं मूल असेल तर त्याला पुढच्या वयातही नाही. ती मुलगी घोरते का, असं विचारलं तर तिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि आई म्हणाली, "रोज." म्हणजे तिच्यासाठीही ते बाद झालं, आणि आठ महिन्यांपूर्वी हे मी विचारलं नव्हतं.

आईला एक गोष्ट हवी होती: पुन्हा असं झालं तर झोप आणि गुंगी यातला फरक घरी कसा ओळखायचा. तिला बाळ टेबलावर झोपवून दाखवलं. झोपलेल्या बाळाचा पाय हळूच गुदगुल्यांनी हलवायचा. साध्या झोपेतलं मूल पाय ओढून घेतं, तोंड वेडंवाकडं करतं. गुंगीतलं तसंच पडून राहतं. नेहमी न घोरणारं मूल घोरायला लागलं तर ते गमतीचं नाही. झबलं वर करून बरगड्यांखाली खड्डा पडतोय का बघायचं, आणि मोबाइलवर एक मिनिट लावून पोटाची वर-खाली मोजायची. वीसच्या खाली आले, मध्ये खोट पडली किंवा ओठांचा रंग बदलला तर मान सरळ करून, हनुवटी वर ठेवून, तसंच उचलून सरळ दवाखाना गाठायचा. तोंडात पाणीही घालायचं नाही. तिनं माझ्यासमोर मोजले. सव्वीस भरले. बाळानं मोजून होताच पाय झाडला आणि तिच्या हातातला मोबाइल खाली पाडला.

जाताना आजींनी पिशवीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. खोकं आणि आतलं पत्रक कधीच कचऱ्यात गेलं होतं; उरली होती ती बाटली आणि तिच्यावरचा कागद. "हिचं काय करायचं डॉक्टर? पाऊण भरल्याली हाय. शेजारच्या सूनबाईनं मागितलीया, तिचं पोरगं बी ओकतंय."

"किती महिन्यांचं?"

"नऊ."

मी बाटली ठेवून घेतली आणि शेजारच्या सूनबाईंना फोन लावायला सांगितला.